पोह्यांचा ह्य आणि खोबऱ्याचा ऱ्य: एआयकडून मराठी लेबल करून घेताना

लेबल होतं २०० ग्रॅमच्या चिवड्याच्या पाउचचं. पंचवटीतल्या एका घरगुती व्यवसायासाठी, ९० बाय १२० मिलिमीटरचं स्टिकर. त्यावर तीन ओळींत मोठं नाव, भाजक्या / पोह्यांचा / चिवडा, आणि खाली लहान अक्षरात ‘खोबऱ्याचे काप घालून’. अक्षरं ब्रशने रंगवल्यासारखी हवीत, जुन्या दुकानाच्या पाटीवर असतात तशी, एवढी एकच अट होती. चित्र बनवणाऱ्या एआयकडून हे दोन दिवसांत निघेल, असं १२ जानेवारीला वाटलं होतं. छापील स्टिकर हातात आले २१ फेब्रुवारीला. मधल्या काळात जे जे अडलं ते क्रमाने लिहितो आहे, कारण देवनागरीत नेमकं काय बिघडतं आणि का, हे कुठे एका जागी वाचायला मिळालं नाही.

सुरुवात अगदी सरळ केली. प्रॉम्प्ट असा होता:

```
Packaging label for roasted poha chivda,
Devanagari text "भाजक्या पोह्यांचा चिवडा",
red hand-painted lettering, cream background
```

स्टेबल डिफ्यूजन एक्सएल या चित्र काढणाऱ्या मॉडेलवर १२ जानेवारीला चोवीस चित्रं काढली. लांबून बघितलं तर सगळी मराठी वाटत होती. शिरोरेषा होती, काने होते, वर कुठे मात्रेसारखं काही होतं. जवळून एकही शब्द वाचता येत नव्हता. काही आकार बंगालीकडे झुकणारे, काही गुरुमुखीकडे, आणि बरेचसे कुठल्याच लिपीत नसलेले.

याचं कारण एकदा समजलं की पुढचे बरेच व्यर्थ प्रयत्न टळतात. असं मॉडेल अक्षर टाइप करत नाही, ते ठिपक्यांचं चित्र काढतं. आपण दिलेला मजकूर आधी तुकड्यांत मोडला जातो आणि त्या तुकड्यांवरून चित्राला दिशा मिळते. इथे वापरला जाणारा क्लिप हा मजकूर वाचणारा भाग मुख्यतः इंग्रजीवर घडलेला आहे. देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. ‘पोह्यांचा’ वाचताना आपल्याला तीनच अक्षरं दिसतात: पो, ह्यां, चा. संगणकात मात्र ती नऊ चिन्हं आहेत: प, ओकाराची खूण, ह, हलन्त, य, काना, अनुस्वार, च, काना. म्हणजे सत्तावीस बाइट. ह आणि य यांच्यामध्ये हलन्त आला की त्यांचा ‘ह्य’ असा एकच आकार होतो, हा नियम फाँटच्या आत लिहिलेला असतो. चित्र काढणारं मॉडेल फाँट उघडतच नाही. म्हणून ह्य कसा दिसतो हे त्याला माहीत असण्याचा एकच मार्ग उरतो: शिकताना त्याने तो पुरेशा वेळा, नीट दिसेल असा बघितलेला असणं.

त्यामुळे ‘correct spelling’, ‘accurate Devanagari’, ‘no mistakes’ असे शब्द प्रॉम्प्टमध्ये वाढवून काही होत नाही. त्या दिशेने दोन संध्याकाळी गेल्या. शब्द रोमन लिपीत देऊन ‘देवनागरीत लिही’ असं सांगितलं तर निकाल आणखी खाली जातो, कारण मग लिप्यंतराची चूकही त्यात येते.

१५ जानेवारीला गप्पांच्या खिडकीतून चित्र करून देणारं एक नवं साधन वापरलं. अशी साधनं मजकूर जास्त चांगला हाताळतात, हे मान्य करायला हवं. मोठं नाव बाराव्या प्रयत्नात जवळजवळ बरोबर आलं. पण धोका खरा इथे आहे. पूर्ण बिघडलेलं अक्षर कोणीही पकडतो, जवळजवळ बरोबर आलेलं डोळ्यांखालून निसटतं. त्या चित्रात तीन गोष्टी चुकलेल्या होत्या आणि त्यातल्या दोन आमच्याही लक्षात आल्या नाहीत.

पहिली चूक, भाजक्याचा ‘भ’ हा ‘म’ झाला होता. भ आणि म यांच्यातला मुख्य फरक डाव्या खांद्यापाशी असतो: भ ची शिरोरेषा तिथे तुटलेली असते आणि खाली गाठ वळते. ध आणि घ यांचंही तसंच. शिरोरेषा म्हणजे सलग आडवी रेघ, असं मॉडेल शिकलेलं असतं, म्हणून ते ती फट बुजवून टाकतं. ही एक आम्हाला दिसली. दुसरी, चिवड्याच्या ‘ड’ खाली एक बारीक ठिपका आला होता. हिंदीत तो पदार्थ ‘चिवड़ा’ असाच, खाली नुक्ता देऊन लिहितात, म्हणून तो ठिपका तिथे येण्याची शक्यता इतर कुठल्याही जागेपेक्षा जास्त. तिसरी चूक खालच्या ओळीत होती: ‘खोबऱ्याचे’ ऐवजी ‘खोबर्याचे’, म्हणजे य च्या डोक्यावर रफार.

शेवटच्या दोन पकडल्या ज्यांचा चिवडा आहे त्या काकूंनी, मोबाइलवर चित्र मोठं करून. “अहो, हे खोबऱ्याचं नाही झालं. डोक्यावर रफार दिला की सूर्य-आर्य वाचल्यासारखं वाचतात. आणि ड खाली टिंब कशाला?”

हा ‘ऱ्य’ मराठीचा खास आहे. आचार्यांना म्हणजे गुरूंना आणि आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हिंदीत या आडव्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र ची अशी गरज पडत नाही, आणि देवनागरीच्या चित्रांत हिंदीचा वाटा मोठा, त्यामुळे मॉडेल रफाराकडेच ओढलं जातं. खाद्यपदार्थांच्या लेबलवर तर हा ऱ्य हमखास येतो: खोबऱ्याचे, कैऱ्यांचं, भाकऱ्या, पुऱ्या. कैऱ्यांच्या लोणच्याचं लेबल करणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

याच वेळी मजकुराची फाइल तपासली आणि तिथेही एक गोम निघाली. ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक म्हणजे ऱ हे वेगळं चिन्ह, मग हलन्त, मग य. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, त्यानंतर न दिसणारी एक जोडखूण, आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण दुसऱ्या प्रकारातली न दिसणारी खूण मजकूर एका जागेवरून दुसरीकडे चिकटवताना कधी कधी गळून पडते, आणि मग त्याच क्षणी ऱ्य चा र्य होतो. काकूंनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या मजकुरात दुसरा प्रकार होता. म्हणजे प्रॉम्प्टमध्ये पोचेपर्यंत शब्द आमच्याच हातून बिघडलेला असण्याची शक्यताही होती. हे बघायला तीन ओळी पुरतात:

```
import unicodedata
for c in "खोबऱ्याचे":
    print(hex(ord(c)), unicodedata.name(c))
```

यादीत `0x931 DEVANAGARI LETTER RRA` दिसलं तर पहिला, टिकाऊ प्रकार आहे. `0x200d ZERO WIDTH JOINER` दिसलं तर शब्द नव्याने टाइप करावा. कुठल्याही लेबलचं काम हाती घेतलं की सगळ्यात आधी हे करावं. आम्ही ते चौथ्या दिवशी केलं.

नव्या साधनाची आणखी एक अडचण होती आणि तिच्यामुळेच तो मार्ग सोडला. ‘फक्त ड खालचा ठिपका काढ’ असं सांगितलं की ते संपूर्ण चित्र पुन्हा काढत होतं. ठिपका जायचा आणि पोह्यांचा वरचा अनुस्वारही जायचा. बरोबर आलेलं अक्षर पुढच्या फेरीत बरोबरच राहील, याची काहीच खात्री नव्हती. १९ जानेवारीपर्यंत एकेचाळीस फेऱ्या झाल्या होत्या. त्या साधनाची महिन्याची वर्गणी सुमारे दोन हजार रुपये, ती या कामापुरती वाया गेली.

मग कामाची वाटणी बदलली. अक्षराचा आकार फाँटकडून घ्यायचा आणि एआयकडून फक्त रंगाचा पोत घ्यायचा. प्रॉम्प्टमध्ये मराठी शब्द तर नाहीच, ‘अक्षर’ हा शब्दसुद्धा नाही.

आधी पार्श्वभूमी. इथे एक उलटा परिणाम दिसतो. ‘label without text’ असं लिहिलं की मजकूर हटकून येतो. ‘label’, ‘packaging’, ‘pouch’ या शब्दांसोबत मॉडेलने कायम छापील अक्षरंच बघितलेली असतात, आणि ‘without’ चा अर्थ त्याला नीट लागत नाही. म्हणून वस्तूचं नाव टाळून फक्त जे दिसायला हवं तेच लिहिलं:

```
flat illustration, border of roasted flattened rice,
peanuts, curry leaves and coconut slices,
large plain cream area in the centre,
warm red and brown palette
```

नको असलेल्या गोष्टींच्या वेगळ्या रकान्यात, म्हणजे निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये, `text, letters, words, logo, watermark` एवढं. आठव्या चित्रात काम झालं. ते २२ जानेवारी.

खरा वेळ गेला अक्षरांवर. इंकस्केप या रेखाटनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही ओळी जाड फाँटमध्ये लावल्या. मुक्ता, बालू २ आणि यात्रा वन असे तीन मोफत फाँट लावून बघितले. तिन्ही मुक्त परवान्याचे, त्यामुळे विक्रीच्या मालावर वापरायला अडचण नाही. बालू २ ठेवला. फाँट निवडताना जोडाक्षर आधी बघावं. ज्या फाँटात ह्य चा जोड नसतो तिथे पाय मोडलेला ह आणि शेजारी पूर्ण य असं दिसतं. ते चूक नाही, पण मोठ्या अक्षरात तुटक वाटतं.

दुसरी गोष्ट ल आणि श. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श लिहितात. राज्य शासनाच्या २००९च्या शासन निर्णयातही हीच रूपं प्रमाण ठरवली आहेत. बऱ्याच फाँटांत मुळात हिंदी वळणाचा दंडाचा ल येतो आणि मराठी रूप आतल्या पर्यायात दडलेलं असतं. मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच ते बाहेर येतं. इंकस्केपमध्ये मजकुराला `xml:lang="mr"` दिलं की काही फाँट रूप बदलतात, काही बदलत नाहीत. मोठ्या नावात ल किंवा श नव्हता. खालच्या ओळीतल्या ‘घालून’ साठी मात्र टिरो देवनागरी मराठी हा फाँट घेतला. त्यात मराठी रूपं सरळच मिळतात, शोधावी लागत नाहीत.

आता आकडेमोड, कारण इथून पुढचं सगळं तिच्यावर टेकलेलं आहे. कापताना कडेला पांढरं दिसू नये म्हणून चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड धरली, म्हणजे चित्र ९६ बाय १२६ मिलिमीटरचं. मॉडेलला ८९६ बाय ११५२ पिक्सेलचं चित्र काढायला सांगितलं. म्हणजे एका मिलिमीटरला साधारण नऊ पिक्सेल. पण हे मॉडेल थेट पिक्सेलवर काम करत नाही, ते आठ बाय आठ पिक्सेलच्या घरांत काम करतं आणि शेवटी त्या घरांचं चित्र उलगडतं. म्हणून ज्या रेघेची जाडी एका घराइतकीच आहे ती टिकेलच, असं नाही. मोठ्या नावाची रेघ साडेचार मिलिमीटर जाड होती, सुमारे ४२ पिक्सेल, म्हणजे पाच घरं. ती टिकते. खालच्या ओळीतली अक्षरं ६ मिलिमीटर उंच, त्यातल्या ऱ्य ची चंद्रकोर जेमतेम १ मिलिमीटर जाड, म्हणजे एक घर. ती टिकत नाही. कितीही प्रॉम्प्ट बदलला तरी नाही, कारण तिला तिथे जागाच नाही. लहान अक्षरं आधी का बिघडतात, याचं उत्तर एवढंच आहे. त्याच दिवशी ठरवलं की खालची ओळ एआयकडे जाणारच नाही, फाँटातून थेट छपाईला जाईल. आमच्या मापात १५ मिलिमीटरपेक्षा कमी उंचीचं अक्षर या वाटेने पाठवण्यात अर्थ नव्हता.

मोठ्या नावातही दोन जागा हाताने सुधाराव्या लागल्या. मजकुराचे पाथ, म्हणजे टाइप न करता येणारे नुसते आकार, करून पोह्यांचा वरचा अनुस्वार ३ वरून ४ मिलिमीटरचा केला आणि शिरोरेषेपासून थोडा वर उचलला. भ च्या खांद्यावरची फट वाढवून अडीच मिलिमीटर केली. ब्रशचा पोत कडेला फुगतो आणि अशा फटी बुजवतो, म्हणून ती आधीच मोठी ठेवायची. नुसतं बघताना ती जरा विचित्र दिसते, रंग चढल्यावर बरोबर वाटते.

ही अक्षरं काळ्यावर पांढरी अशी निर्यात करून कंट्रोलनेटला दिली. कंट्रोलनेट म्हणजे चित्र कुठल्या आकाराला धरून काढायचं ते दाखवणारं जोड-मॉडेल. त्याचे प्रकार आहेत. आधी कडा ओळखणारा कॅनी वापरला. त्यात अडचण अशी की त्याला फक्त बाह्यरेघ मिळते, आत काय आणि बाहेर काय हे कळत नाही. च आणि व यांच्या पोटातली मोकळी जागा कधी रंगाने भरून यायची, कधी अक्षर रिकामं आणि भोवतालचं लाल. खोलीचा नकाशा घेणारा डेप्थ वापरल्यावर हे थांबलं. पांढरं म्हणजे जवळचं, काळं म्हणजे मागचं, त्यामुळे अक्षर भरीवच येतं. आपलं चित्र हाच नकाशा असल्याने आधीची प्रक्रिया, म्हणजे प्रीप्रोसेसर, ‘None’ वर ठेवायची. प्रॉम्प्ट असा:

```
thick dry brush strokes of chilli-red paint
on cream handmade paper, visible bristle marks,
matte, even light
```

कंट्रोलनेटचं वजन, म्हणजे त्याने आकार किती घट्ट धरायचा ते, ०.६ ठेवलं तर अक्षरं वितळल्यासारखी होतात. ह्य मधला य आधी जातो, मग भ ची गाठ सुटते. १.० वर आकार घट्ट बसतो, पण रंग कोरडा, छापल्यासारखा. वजन १.० ठेवून कंट्रोलनेटचा शेवट ०.८ वर आणला, म्हणजे शेवटचे वीस टक्के टप्पे मॉडेलला मोकळे दिले, तेव्हा ब्रशचे केस दिसू लागले.

आणि त्याच मोकळ्या टप्प्यांत एक नवी चूक आली. रंगाचे शिंतोडे. रोमन अक्षराशेजारी शिंतोडा पडला तर तो शिंतोडाच राहतो. देवनागरीत शिरोरेषेवर पडलेला शिंतोडा अनुस्वार होतो आणि खाली पडलेला नुक्ता. एका अतिशय सुंदर आलेल्या चित्रात ‘चिंवडा’ झालं होतं. प्रॉम्प्टमध्ये आधी `splatter` होतं ते काढलं आणि निगेटिव्हमध्ये `splatter, drips, dots` घातलं. शिंतोडे कमी झाले, पूर्ण गेले नाहीत.

ते पूर्ण घालवण्याचा मार्ग प्रॉम्प्टमध्ये नाही, कात्रीत आहे. फाँटवरून केलेली मूळ बाह्यरेघ आपल्याकडे असतेच. ती सगळीकडून ०.४ मिलिमीटर फुगवायची आणि तिनेच चित्र कापायचं. ब्रशची खडबडीत कड त्या ०.४ मिलिमीटरच्या आत राहते, म्हणून हाताने रंगवल्यासारखं दिसतं; त्याबाहेरचा प्रत्येक ठिपका कापला जातो. नवं अक्षर निर्माण व्हायला जागाच उरत नाही. मोडलेली एखादी रेघ मात्र याने जोडली जात नाही, ती डोळ्यांनीच बघावी लागते. फुगवल्यामुळे भ ची फट दोन्ही बाजूंनी मिळून ०.८ मिलिमीटरने कमी होते, तरी १.७ उरते. आधी वाढवून ठेवलेली होती ती यासाठीही.

इंकस्केपमध्ये हे करताना एक चूक दोनदा झाली. Object to Path केल्यावर प्रत्येक अक्षर, मात्रा, काना हे वेगळे तुकडे असतात आणि शिरोरेषेपाशी एकमेकांवर चढलेले असतात. त्यांना Combine ने एकत्र केलं तर जिथे दोन तुकडे चढतात तिथे पांढरं भोक पडू शकतं. ओकाराच्या बुडाशी आणि चि च्या वेलांटीपाशी अशी बारीक भोकं पडली होती. Ungroup करून Union वापरायचं, मग सगळं एकसंध होतं, आणि नंतर Object > Clip > Set Clip.

२९ जानेवारीला कलाकृती तयार झाली. पुढचे अकरा दिवस अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक येण्याची वाट बघण्यात गेले, कारण तो लेबलवर असल्याशिवाय छापून उपयोग नव्हता. मागच्या बाजूचा मजकूर तेव्हा लावला. अन्नसुरक्षेच्या २०२०च्या लेबल नियमांनुसार अनिवार्य माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत लागते. मराठी त्याच्या जोडीला देता येते, विसंगत नसली म्हणजे झालं. म्हणून घटक, वजन, किंमत, पत्ता इंग्रजीत आणि शेजारी मराठी असं ठेवलं. शाकाहाराचं हिरवं चिन्हही मापाने काढलं: पाउचची दर्शनी बाजू १०० ते ५०० चौरस सेंटिमीटरमध्ये बसत होती, तिथे आतल्या वर्तुळाचा व्यास किमान ४ मिलिमीटर आणि चौकोनाची बाजू त्याच्या दुप्पट लागते. यातला एकही आकडा किंवा अक्षर एआयच्या चित्रातून घेऊ नये. पहिल्या दिवसांतल्या चित्रांत त्याने स्वतःहून हिरवा ठिपका आणि बारा-तेरा आकड्यांचा क्रमांक काढून दाखवला होता.

तपासणीसाठी आधी टेसरॅक्ट हे चित्रातला मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर चालवून बघितलं:

```
tesseract label.png out -l mar --psm 6
```

त्याने सगळं बरोबर वाचलं. पण ज्या जुन्या चित्रात ह्य चा य अर्धाच होता तेही त्याने ‘पोह्यांचा’ असंच वाचलं. ओळखीचे शब्द तो सावरून घेतो, म्हणून त्याच्या होकारावर विसंबू नये. त्याने चुकीचं वाचलं तर मात्र तिथे नक्की बघावं. माणसाचा डोळाही असाच सावरून घेतो. उपयोगी पडली ती उलट वाचण्याची पद्धत: चित्र उलटं न करता शेवटच्या अक्षरापासून एकेक अक्षर मागे. डा, व, चि. चा, ह्यां, पो. शब्दाचा अर्थ नाहीसा होतो आणि फक्त आकार दिसतात. प्रत्येक अक्षराला तीन प्रश्न: वर काय आहे, खाली काय आहे, शिरोरेषा कुठे तुटली आहे. त्यानंतर फाँटची मूळ अक्षरं वरच्या लेयरवर Difference मध्ये ठेवली. जुळतं ते काळं होतं आणि वेगळं ते उजळतं.

९ फेब्रुवारीला फाइल सातपूरच्या एका छपाईवाल्यांकडे गेली. १२ तारखेला आलेल्या प्रूफवर मोठं नाव उत्तम होतं आणि खालची ओळ पूर्ण बिघडलेली: वेलांट्या भलत्याच जागी, ऱ्य च्या जागी चौकोन. पीडीएफमध्ये ती ओळ मजकूर म्हणूनच राहिली होती. तिथल्या कोरलड्रॉमध्ये ती उघडताना जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फाँटवर गेली. अशा फाँटांत अक्षरांची सांकेतिक जागाच वेगळी असते, त्यामुळे युनिकोड मजकूर त्यात बसत नाही. निर्यात करताना Convert text to paths निवडलं आणि प्रश्न मिटला. “पुढच्या वेळी सगळं कर्व्ह करूनच पाठवा दादा, आमच्याकडं टायपिंग नकोच,” असं तिथल्या ऑपरेटरने सांगितलं. त्याचबरोबर प्रूफसोबत जुळवायला एक जेपीजीही द्यावी, म्हणजे मशीनवरच्या माणसाला बरोबर कसं दिसतं ते कळतं.

८९६ पिक्सेलचं चित्र ९६ मिलिमीटरवर पसरलं की जेमतेम २३७ डीपीआय, म्हणजे इंचाला २३७ ठिपके होतात, आणि छपाईला ३०० मागतात. त्यासाठी पोत दुप्पट मोठा करून घेतला. मोठं करणारी एआय साधनंही रेघा नव्याने काढतात, म्हणून हे काम कापण्याच्या आधी, फक्त रंगाच्या चित्रावर करायचं आणि कात्री नंतर पुन्हा लावायची. आम्ही आधी कापलेलं चित्र मोठं केलं होतं, त्यात अनुस्वाराचं टोक निघालं.

दुसरं प्रूफ १६ फेब्रुवारीला. दोन्ही प्रूफचे मिळून १६० रुपये, हजार स्टिकरचे ३,४०० रुपये अधिक जीएसटी. लाल रंग पडद्यापेक्षा विटकरीकडे गेला होता, तो काकूंनी तसाच ठेवायला सांगितला.

२१ तारखेला पहिलं स्टिकर भरलेल्या पाउचवर चिकटवलं तेव्हा एक गोष्ट दिसली जी सपाट प्रूफवर दिसली नव्हती. पाउच फुगला की वरचा भाग मागे वळतो, आणि पहिल्या ओळीतल्या भाजक्याची शिरोरेषा समोरून बघताना वाकून बारीक दिसते. भ ची फट त्यात जवळजवळ मिटते. लसणाच्या चिवड्याच्या पुढच्या लेबलात नाव ८ मिलिमीटर खाली घेतलं आहे आणि प्रूफ भरलेल्या पाउचवर चिकटवूनच बघायचं ठरवलं आहे.